पट्टा का हलला : एका किरकोळ अपघाताची नोंद

8 डिसेंबर 2017 रोजी परळीजवळच्या पांगरी येथे वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात उसाच्या गरम रसाची टाकी फुटली आणि कामगार दगावले. एवढा मोठा अपघात झाला की त्याचे कागद आपोआप होतात. पोलीस येतात, तपासणी होते, वर्तमानपत्रे लिहितात. गेवराई, माजलगाव, धारूरकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये रात्रपाळीला कुणाचे बोट चेंगरले, तर त्यातले काही होत नाही. मोबाइलच्या गटावर घाईत टाकलेले आठ-दहा संदेश उरतात. त्यांवरून दोन दिवसांनी कुणीतरी कारकून नोंदवहीत दोन ओळी लिहितो, आणि पुढे त्या दोन ओळी हाच त्या घटनेचा इतिहास ठरतो.

हा इतिहास नीट कसा लिहायचा, ते एक प्रकरण उलगडून पाहू. प्रकरण नमुन्याचे आहे. ते कुणा एका गिरणीतले नाही आणि त्यातली माणसे खरी नाहीत, पण अशा गटांवर ज्या तऱ्हेचे बोलणे येते तसेच ते जुळवले आहे. काळ नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रम संहिता लागू होण्याआधीचा. जानेवारीतला गुरुवार, कापसाचा भर हंगाम, रात्रपाळी.

गटावरचे संदेश असे :

21:52, मुकादम : लगीच गाडी पाठवा. पोराचं बोट गेलं पट्ट्यात. लई रगत हाये.
21:54, सुपरवायझर : कुणाचं? चालू मशिनीत हात कामून घातला?
21:55, फिटर : मशीन बंद व्हती साहेब. चोक काढत व्हता. कुणीतरी चालू केली.
21:58, प्रेसवरचा कामगार : आमी प्रेसकडं व्हतो. वरडल्यावर पळत आलो. जाळी नव्हतीच तिथं. (सोबत एक फोटो)
22:03, फिटर : हा संदेश काढून टाकला आहे.
22:49, मुकादम : दोन टाके पडले. हाड शाबूत हाये म्हणले.
शुक्रवार 08:15, सुपरवायझर : काल रात्री निष्काळजीपणामुळे एका कामगाराच्या बोटाला किरकोळ दुखापत झाली. सर्वांनी काळजी घ्यावी.
शुक्रवार 18:20, मुकादम : त्यो आज येत नाही. हात सुजलाय.

यातला सर्वात नीटनेटका संदेश शुक्रवारी सकाळचा. शुद्धलेखन बरोबर, वाक्य पूर्ण, कारणही दिलेले. नोंदवहीत उतरवायला तोच सोयीचा, आणि बहुतेक वेळा तोच उतरतो. पण लिहिणारा घटनास्थळी नव्हता, हे त्याच्याच रात्रीच्या प्रश्नावरून कळते. कुणाचे बोट गेले हेही त्याला विचारावे लागले होते. रात्री 21:54 ला त्याने जो प्रश्न विचारला, त्यातले ‘चालू मशीन’ सकाळी ‘निष्काळजीपणा’ होऊन बाहेर आले. मधल्या वेळात नवा पुरावा कोणताच आलेला नाही. वि. का. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा बखरीच्या गोळीबंद हकिकतीपेक्षा त्या त्या वेळच्या अस्सल पत्रांना वजन दिले. त्या अर्थाने सकाळचा संदेश ही बखर आहे. रात्रीचे तुटके, अशुद्ध, एकमेकांशी न जुळणारे संदेश हीच पत्रे.

म्हणून पहिले काम, हे संदेश आहेत तसे जपणे. गटाची निर्यात करून ती छापून घ्यायची. भाषा सुधारायची नाही, आणि काढून टाकलेल्या संदेशाची ओळही तशीच ठेवायची. फिटरने 22:03 ला काय लिहून काढले याचा तर्क करायचा नाही. त्याला नंतर विचारायचे आणि तो जे सांगेल ते त्याचे सांगणे म्हणून लिहायचे. फोटोचे मात्र वेगळे आहे. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यात दडलेली वेळेची माहिती निघून जाते. ती मूळ मोबाइलच्या गॅलरीत असते. प्रेसवरच्या कामगाराकडून मूळ फाइल त्याच दिवशी मागून घ्यावी लागते, कारण महिन्याभरात ती पुसली जाण्याची शक्यताच जास्त.

यानंतर प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहायचा : हे याने पाहिले, ऐकले की ताडले? प्रेसवरचा कामगार स्वतःच सांगतो की तो ओरडण्याचा आवाज ऐकून आला. म्हणजे पट्टा कसा हलला ते त्याने पाहिलेले नाही, पण पोहोचल्यावर जाळी नव्हती हे त्याने पाहिले आहे. फिटरच्या संदेशात तीन विधाने आहेत. ‘चोक काढत होता’ हे त्याने पाहिले असू शकते. ‘बंद होती’ हे कशावरून, ते विचारायला हवे. ‘कुणीतरी चालू केली’ हे तर उघड अनुमान आहे, कारण पाहिले असते तर त्याने नाव घेतले असते.

चॅटच्या बाहेरचे कागद चार. पहिला ग्रामीण रुग्णालयातला केसपेपर. वेळ 22:35, डाव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला फाटलेली जखम, तीन टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन, एक्स-रे काढण्याचा सल्ला. मुकादम दोन टाके म्हणतो, कागद तीन म्हणतो. इथे कागद मानायचा. हाड शाबूत असल्याचे कागदावर नाही आणि एक्स-रे अजून निघालेला नाही, तेव्हा ते नोंदीत घ्यायचे नाही. त्याच कागदावर ‘मशीनमध्ये बोट अडकले’ असेही लिहिलेले असते. ते डॉक्टरांनी पाहिलेले नसते, रुग्णाने किंवा सोबत आलेल्याने सांगितलेले असते. जखमेसाठी हा कागद पहिल्या दर्जाचा पुरावा आहे, कारणासाठी नाही.

दुसरा कागद पॅनेल ऑपरेटरच्या वहीतला : ‘21:45 कापसाचा पट्टा बंद, चोक. 22:30 चालू.’ हे वाचून फिटरचे खरे मानावेसे वाटते. पण त्याच पानावरच्या बाकीच्या वेळा पाहिल्या तर 19:15, 20:30, 21:00 अशा सगळ्या पाव तासाच्या पटीत आहेत. यंत्रे इतक्या शिस्तीने बंद पडत नाहीत. वही मागाहून, अंदाजाने भरली जाते. म्हणून या 21:45 चा अर्थ ‘पावणेदहाच्या आसपास’ एवढाच, आणि पट्टा बोट सापडण्याआधी बंद झाला की बोट सापडल्यामुळे बंद केला, हे त्यावरून ठरत नाही. अपघाताची वेळ नोंदीत ‘21:52 पूर्वी, सुमारे 21:45 ते 21:52 दरम्यान’ अशी लिहावी. 21:47 असा आकडा लिहिला तर तो दिसायला नेमका, पण बनावट असेल.

तिसरा कागद फिटरच्या कामाच्या वहीतला, शुक्रवारचा : ‘शेपटीच्या ड्रमला जाळी बसवली.’ यावरून गुरुवारी रात्री जाळी नव्हती असे सिद्ध झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण चोक काढण्यासाठी ती काही मिनिटे आधी काढून ठेवली असेल, तरी शुक्रवारची नोंद अशीच दिसली असती. जाळी मुळात होती की नव्हती, काढली असेल तर कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, हे वेगळे प्रश्न आहेत आणि पुढे दिसेल की ते फार महागाचे आहेत. चौथा कागद हजेरीपट. त्याकडे शेवटी येऊ.

आता खरा वाद : मशीन चालू होती की बंद? कारकुनाला वाटते की दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे आणि आपण एकाची बाजू घ्यायची आहे. हा प्रश्नच चुकीचा पडला आहे. कापूस जिनांपर्यंत नेणारा हा पट्टा चढाचा असतो. खालच्या टोकाच्या ड्रमभोवती कापूस गुंडाळत गेला की पट्टा जड होतो, मोटरवर ताण येतो आणि ओव्हरलोडने ती स्वतःच बंद पडू शकते. तेव्हा बटण कुणी दाबलेले नसते, मोटर फिरत नसते, पट्टा थांबलेला असतो; पण चढावर कापूस लादलेला असतो आणि तो बोळ्यामुळे अडून राहिलेला असतो. बोळा ओढून काढला की अडण उठते आणि पट्टा वजनाने वीतभर मागे सरकू शकतो. बटणाची स्थिती, मोटरचे फिरणे आणि पट्ट्याचे हलणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सुपरवायझरचे ‘चालू’ आणि फिटरचे ‘बंद’ यांनी त्या एकाच शब्दात कोंबल्या.

हे ध्यानात आल्यावर जबाब घेताना प्रश्न बदलतात. प्रत्येकाला वेगळे बसवून, शक्यतो दुसऱ्याच दिवशी, कुणाची चूक हे न विचारता, विचारायचे : तुम्ही कुठे उभे होता? तिथून काय दिसत होते? पट्टा थांबलेला पाहिला का? मोटरचा आवाज येत होता का? समजा, जखमी कामगार म्हणाला, “पट्टा थांबला व्हता. बटण कुणी दाबलं ते मला ठावं नाही. बोळा वढला तसा पट्टा सरकला.” फिटर म्हणाला की तो पलीकडच्या रांगेत होता, धडपड ऐकून त्याला वाटले की कुणीतरी चालू केली. ऑपरेटर म्हणाला की साडेदहापर्यंत त्याने बटणाला हात लावला नाही. ऑपरेटरला असे सांगण्यात हित आहे, हे लक्षात ठेवायचे, पण तेवढ्यावरून त्याला खोटे ठरवायचे नाही.

इथे प्रेसवरच्या कामगाराचा फोटो कामाला येतो. पट्टा नेहमीच्या दिशेने धावतो तेव्हा शेपटीच्या ड्रमवर तो खालच्या बाजूने शिरतो आणि वरून सुटतो. म्हणजे बोट ओढून घेणारी फट खालच्या बाजूला असते. पट्टा मागे सरकला तर उलटे होते, वरची बाजू ड्रमवर शिरते आणि फट वर तयार होते. फोटोत रक्ताचा डाग ड्रमच्या वरच्या अंगाला असेल, तर पट्टा मागे सरकल्याच्या म्हणण्याला आधार मिळतो. आधार मिळतो, सिद्ध होत नाही. हात वर काढतानाही रक्त सांडू शकते. नोंदीत डाग कुठे दिसतो ते लिहायचे आणि फोटो जोडायचा. अर्थ लावायचे काम तपासणी करणाऱ्याचे.

एवढी काटेकोरी तीन टाक्यांसाठी कशाला, असे विचारले जाते. त्याचे उत्तर त्या वेळच्या कायद्यात आहे आणि बीड जिल्ह्याला ते विशेष लागू पडते. राज्य कामगार विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग, प्रेसिंग आणि साखर यांची नावे घेतली होती. जिल्ह्यातले दोन मोठे हंगामी धंदे त्या विम्याच्या बाहेर राहिले. मग जखमी माणसाला उरायचा तो 1923 चा भरपाईचा कायदा, आणि त्यात पैसे मालकाने द्यायचे असत. ठेकेदाराकडून माणसे लावली असली तरी कलम 12 प्रमाणे मूळ मालकाकडे मागणी करता येई. काम न करता येण्याची मुदत तीन दिवसांपेक्षा जास्त झाली की हक्क सुरू होई, आणि तात्पुरत्या अपंगत्वात महिन्याच्या मजुरीच्या चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम दर पंधरवड्याला मिळे.

या कायद्यात साधा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचे कारणच नव्हते. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून इतर दुखापतीत मालकाला तीन बचाव दिले होते : कामगार नशेत होता, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम किंवा नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेची जाळी आहे हे माहीत असून त्याने ती मुद्दाम काढली वा डावलली. आता ‘कामगाराने जाळी काढून चालू मशीनमध्ये हात घातला’ हे वाक्य पाहा. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा काहीच नसते, त्याला एक सुटसुटीत वाक्य हवे असते. पण त्या वाक्याने तिसरा बचाव तयार करून मालकाच्या हाती दिला. ‘जाळी बसवलेलीच नव्हती’ असे आधार नसताना लिहिले, तर कारखाने कायद्याच्या कलम 21 खाली व्यवस्थापकावर ठपका येई. पुरावा दोन्हींपैकी एकाही बाजूला जात नाही, म्हणून नोंदीनेही जायचे नाही.

यासाठी नवी भाषा शोधावी लागत नाही. पंचनाम्याची मराठी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करते आहे. ‘विचारले असता सांगितले की’ या चार शब्दांनी विधान ज्याचे त्याच्याकडे राहते. ‘दिसून आले’ याने पाहिलेले वेगळे होते. ‘आढळले नाही’ याने नसण्याची नोंद होते, पण नाकारणी होत नाही. त्या भाषेत आपली नोंद अशी होईल :

‘गुरुवारी रात्री 21:52 पूर्वी, सुमारे 21:45 ते 21:52 दरम्यान, कापूस वाहणाऱ्या चढाच्या पट्ट्याच्या खालच्या ड्रमजवळ, ड्रमला गुंडाळलेला कापूस हाताने काढत असताना एका कामगाराच्या डाव्या हाताची तर्जनी पट्टा व ड्रम यांच्यामध्ये सापडली. केसपेपरप्रमाणे (वेळ 22:35) बोटाच्या टोकास फाटलेली जखम, तीन टाके. एक्स-रेचा सल्ला, अहवाल प्राप्त नाही. जखमीस विचारले असता सांगितले की, पट्टा थांबलेला होता व कापूस ओढताच सरकला; बटण कोणी बंद केले हे माहीत नाही. फिटरने त्या वेळी गटावर मशीन बंद होती व कुणीतरी चालू केली असे लिहिले. विचारले असता प्रत्यक्ष पाहिले नसल्याचे सांगितले. ऑपरेटरने सांगितले की 22:30 पर्यंत त्याने बटणास हात लावला नाही. बोट सापडताना कोणी पाहिल्याचे आढळले नाही. प्रेसवरील कामगार ओरडा ऐकून आला तेव्हा ड्रमला जाळी नव्हती असे त्याने सांगितले. ती आधी होती किंवा कसे, याबाबत माहिती मिळाली नाही. फिटरच्या वहीत शुक्रवारी जाळी बसवल्याची नोंद आहे. फोटोत ड्रमच्या वरच्या बाजूस रक्ताचा डाग दिसतो. पट्टा हलण्याचे कारण निश्चित झालेले नाही. कामावर परत रुजू होण्याची तारीख : ’

शेवटचा रकाना मुद्दाम कोरा आहे. तो त्या दिवशी भरता येत नाही आणि अंदाजाने भरायचा नाही. नोंद जखमीला त्याच्या बोलीत वाचून दाखवावी, त्याने दुरुस्ती सांगितली तर जुना शब्द वाचता येईल असा एका रेघेने खोडून बाजूला नवा लिहावा, सही किंवा अंगठा घ्यावा. पान फाडून नव्याने लिहिलेली ‘स्वच्छ’ नोंद कुठेही टिकत नाही.

राहिला हजेरीपट. शुक्रवारच्या रात्रीपुढे त्या कामगाराची हजेरी लागलेली आहे. शुक्रवारी 18:20 चा मुकादमाचा संदेश सांगतो की तो आला नाही. हे बहुतेक वेळा कपटाने होत नाही. पोराची मजुरी बुडू नये म्हणून मुकादमच हजेरी लावतो. पण कारखाने कायद्याच्या कलम 88 प्रमाणे, अपघातानंतर लागोपाठ 48 तास किंवा जास्त काळ माणूस कामाला मुकला तर व्यवस्थापकाने कारखाना निरीक्षकाकडे सूचना पाठवायची असे. भरपाईच्या कायद्यातले काम न करता येण्याचे तीन दिवसही व्यवहारात गैरहजेरीवरूनच दाखवले जात. दयेने लावलेल्या त्या एका खुणेने दोन्ही हिशेब बंद होतात. 2020 च्या संहितांमध्येही 48 तासांची ही अट तशीच आली आहे. तेव्हा नोंदीत लिहायचे : ‘हजेरीपटावर हजर, मुकादमाच्या संदेशानुसार आला नाही, काम केल्याची अन्य नोंद आढळली नाही.’ मजुरी द्यायची असेल तर ती अपघाताची रजा म्हणून द्यावी आणि तसेच लिहावे.

गुरुवारी 21:50 च्या सुमारास जखमी झालेला हा माणूस शनिवारी 21:50 पर्यंत परतला नाही, तर सूचना पाठवणे बंधनकारक होते, टाके तीन असोत की दोन. 1923 च्या कायद्याने दाव्याला दोन वर्षांची मुदत दिली होती. तेवढ्या काळात मुकादम टोळी घेऊन दुसरीकडे जातो, मोबाइल बदलतात, हंगामाचा गट मोडून नवा होतो. जिनिंगमध्ये किंवा कारखान्यात वही सांभाळणाऱ्यांना म्हणून एवढेच सांगणे आहे : बोटाला चिंधी बांधून झाली की त्याच रात्री गटावरचे संदेश जसेच्या तसे छापून घ्या, तारीख घालून सही करा आणि नोंदीच्या पानाला टाचून ठेवा.